कूलरचा निचरा आणि जावयाची परीक्षा

राजुऱ्यात कोणाच्या घरचा नळ गळायला लागला की माणूस आधी अयूबभाऊला शिव्या घाली आणि मग त्यालाच बोलावी. शिव्या अशासाठी, की अयूबभाऊ आला म्हणजे नळ हमखास दुरुस्त होई, पण त्याआधी घरातल्या झाडून सगळ्यांची अक्कल काढली जाई. मोरीत शितं कोणी टाकली, नाहणीत केसांचा गुंता कोणी सोडला, नळाची चावी ताकद लावून कोणी पिरगाळली, सगळ्यांना तो उभ्या उभ्या धुऊन काढी. आता त्याचे गुडघे गेले होते, वाकणं बंद झालं होतं आणि धंदाही जवळजवळ बंदच होता. जीभ मात्र ठणठणीत होती.

आणि अशा माणसाच्या पोरीला स्थळ कोणाचं यावं? प्लंबरचं!

मुलाचं नाव अजीम. गडचिरोलीचा, उंच, शांत, बोलण्यापेक्षा ऐकणारा. अयूबभाऊच्या पोरीचं नाव शाजिया. बियाणं विकणारी शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था आहे, तिच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बसे. दोन्ही घरची माणसं भेटली, चहा झाला, आणि शाजियानं सगळ्यांच्या देखत मुलाला एकच प्रश्न विचारला.

"खर्रा खाता?"

"नाई."

"कधीच नाई?"

"शाळेत असताना एकडाव खाल्ला होता," अजीम म्हणाला. "चक्कर आली. मास्तरच्या अंगावर पडलो."

शाजिया हसली. तिची आई हाजरा हसली. मुलाची आई तर पदर तोंडाला लावून हसली. म्हणजे काम झाल्यातच जमा होतं. पण अयूबभाऊ काही हसला नाही.

"तोंडाचं झालं," तो म्हणाला, "आता हाताचं पाहीन. काम पाह्यल्याबिगर मी पोरगी देत नाई."

खरं सांगायचं तर त्याला पोरगी द्यायचीच नव्हती. मुलगा वाईट होता म्हणून नव्हे. एकुलती पोर, संध्याकाळी ऑफिसातून आली की घरभर तिचा आवाज असे, आणि तो आवाज गडचिरोलीला जाणार हा विचारच त्याला सोसेना. हे हाजराला सांगायची सोय नव्हती. मग बाप दुसरं काय करणार? मुलात खोट काढणार. आणि पाइपाच्या कामात खोट काढायला अयूबभाऊपेक्षा तरबेज माणूस चंद्रपूर जिल्ह्यात नव्हता.

शाजियाच्या त्या प्रश्नामागची गोष्ट पण सांगून टाकतो. आमच्या ह्या दोन जिल्ह्यांत सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून जो खर्रा करतात, तो चहाच्या आधी हातात येतो. अयूबभाऊच्या गालात तो वर्षानुवर्षं मुक्कामाला होता. मग चंद्रपूरच्या डॉक्टरनं त्याला तोंड उघडायला सांगितलं, आणि तोंड उघडेना. दोन बोटं जेमतेम आत जात. डॉक्टरनं अशी झाडली की हाजरा तिथंच रडायला लागली. घरी आल्यावर अयूबभाऊनं शाजियाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, खर्रा बंद. घरात तो खरंच बंद झाला. घराबाहेरचं शपथेत काही बोललो नव्हतो, अशी त्यानं आपली आपण समजूत घालून घेतली होती. एका खिशात खर्र्याची पन्नी, दुसऱ्या खिशात बडीशेप. गालात खर्रा ठेवून समोरच्याला कळू न देता बोलायची कला त्याला अशी साधली होती, की सख्ख्या बायकोला पत्ता नव्हता.

तर परीक्षेला जागा सापडली शाजियाच्या ऑफिसातच. उन्हाळ्यात मंजूर झालेला वॉटर कूलर भर पावसाळ्यात येऊन पडला होता. मोठा, स्टीलचा, दोन नळांचा. वऱ्हांड्यात त्याला कोणी जोडून देईना, म्हणून चपराशी लटारूभाऊ त्यावर आपला डबा आणि छत्री ठेवत होता. मॅनेजर उर्वशी मॅडमनं शाजियाला विचारलं, तुझे वडील जोडून देतील का? शाजियानं घरी सांगितलं, आणि अयूबभाऊचे डोळे चमकले.

"जोडन ना," तो म्हणाला. "मी नाई. तो गडचिरोलीवाला जोडन. मी खुर्ची टाकून बसतो."

शनिवारी ऑफिस बंद होतं. लटारूभाऊनं कुलूप उघडून किल्ली अयूबभाऊच्या हातात दिली आणि तो कपाशीला खत द्यायला वावरात निघून गेला. अयूबभाऊ वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसला, काठी आडवी मांडीवर घेतली. अजीमनं सलाम केला, पिशवी उघडली आणि काही न बोलता कामाला लागला.

हीच पहिली पंचाईत. बोलणाऱ्या माणसाला पकडता येतं. हा बाबा बोलेच ना.

हात धुवायच्या बेसिनला गच्चीवरच्या टाकीतून लाइन येत होती. अजीमनं तिथं पाइप कापून तीन तोंडांची टी बसवली. टीच्या पुढं लगेच बॉल व्हॉल्व. अयूबभाऊ खुर्चीतून पुढं झुकला.

"हा व्हॉल्व इथी काऊन?"

"चाचा, फिल्टरमंदली गाळाची काडी बदलवाची असली का हा बंद कराचा. कूलरचं पानी बंद, बाकी बेसिन, संडास चालू. नाई तं एका काडीसाठी गच्चीवर जाऊन सगळ्या ऑफिसचं पानी बंद करा लागन."

"आन दांडी अशी काऊन ठेवली?"

"पाइपाच्या रेषेत दांडी म्हंजे चालू. आडवी म्हंजे बंद. आन भिंतीले घासाले नाई पाह्यजे, हात पूरा फिराले पाह्यजे."

उत्तर बरोबर होतं. अयूबभाऊला राग आला. तो खुर्चीत मागं टेकला आणि मुलाची पाठ वळताच खिशातली पन्नी काढून एक चिमूट गालात सरकवली. टेन्शन आलं की त्याचा हात आपोआप तिकडं जाई.

व्हॉल्वच्या पुढं अजीमनं फिल्टर भिंतीला ठोकला. नवशिके तो फरशीला टेकवून ठेवतात, मग काडी बदलताना खालची वाटी काढायला जागा उरत नाही. ह्यानं खाली हात घालून वाटी उतरवता येईल एवढी जागा सोडली. फिल्टरच्या डोक्यावर बाण असतो, पाणी कुठून कुठं जातं ते सांगणारा. पुष्कळ जण तो उलटा बसवतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. ह्यानं तो बोटानं दाखवला, तोही अयूबभाऊनं विचारायच्या आधी. आट्यांवर टेफलॉनची पट्टी गुंडाळली तीसुद्धा आट्यांच्या दिशेनंच, म्हणजे जोड आवळताना पट्टी उलगडत नाही. अयूबभाऊनं मनातल्या मनात म्हटलं, बेट्याचा उस्ताद चांगला असला पाहिजे.

मग निचऱ्याची लाइन. कूलरच्या नळांखाली एक उथळ तबक असतं, वरून भोकाभोकांची झाकणी. गिलास भरताना सांडलेलं पाणी त्यात पडतं आणि मागच्या बारीक नळीतून बाहेर जातं. अजीमनं त्या नळीला बारका पाइप जोडला, भिंतीलगत नेला, पाणसळ ठेवून बाहेरच्या बाजूला उतार दिला, भिंतीला भोक पाडून पाइप मागच्या अंगणात काढला. पाइपाचं तोंड त्यानं नालीत बुडवलं नाही, नालीच्या वर वीतभर सोडलं.

"नालीत घुसवला असता तं?" अयूबभाऊनं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं.

"नालीचा वास वर येईन. नाली तुंबली तं घाणीचं पानी उलटं पाइपात चढन. आन पिवाच्या पान्याजवळ नालीचं काई येऊ देवाचंच नाई."

"हं."

"आन तोंडाले जाळी लावली चाचा. नाई तं कुंभारीण माशी पाइपात मातीचं घर करते. आमच्या इकडं लय करते."

"आमच्याही करते," अयूबभाऊ नाइलाजानं म्हणाला.

जोडांना लावलेलं सोल्युशन वाळू द्यायला दोघं जेवायला थांबले. दुपार उलटल्यावर अजीमनं पाणी सोडलं. पण कूलरमध्ये नाही. आधी फिल्टरच्या पुढची नळी बादलीत धरली. नव्या काडीतून काळपट पाणी आलं, कोळशाच्या भुकटीचं. ते निवळून स्वच्छ होईपर्यंत त्यानं वाहू दिलं आणि मगच नळी कूलरला जोडली. आत टाकीत पाणी चढलं, फ्लोट वर आला आणि पाणी आपोआप थांबलं. एकही जोड पाझरला नाही. अजीमनं तबकात लोटाभर पाणी ओतून पाहिलं, ते मागच्या अंगणात सरळ नालीत पडलं.

"आता मी भाईर पाइपाले क्लॅम्प ठोकतो," असं म्हणून तो अंगणात गेला.

अयूबभाऊ एकटा उरला, आणि त्याच्यासमोर तो चकचकीत कूलर. गुडघे दुखत होते. गालातला खर्रा चोथा झाला होता. अंगणात जावं तर मुलगा बघणार, आत थुंकावं तर भिंतीवर उर्वशी मॅडमचा भला मोठा कागद: इथे खर्रा खाऊन थुंकण्यास सक्त मनाई. आणि समोर, हाताला लागेल एवढ्या अंतरावर, तबक. आता ज्यानं उभ्या आयुष्यात लोकांना मोरीत शितं टाकल्याबद्दल झापलं, त्या माणसानं काय करावं? त्यानं नळ दाबून तोंड खळखळून धुतलं आणि गुळणी तबकात सोडली. इतक्या सहज, की हाताला कळलं पण डोक्याला नाही. मग नवी चिमूट घेतली. थोड्या वेळानं परत तेच.

तिसऱ्या खेपेला तर दारात चपलांचा आवाज आला. शाजिया चहाचा थर्मास घेऊन आली होती. अयूबभाऊनं गालात नुकताच ठेवलेला भरगच्च ऐवज एका दमात तबकात टाकला, झाकणीच्या भोकांतून बोटानं आत ढकलला, वर नळ सोडला आणि बडीशेपेची चिमूट तोंडात टाकून वळला.

"काय करून राह्यले अब्बा?"

"पानी चाखून राह्यलो. गोड हाय."

शाजियानं चहा ओतला. अंगणातून अजीम आला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पटकन दुसरीकडं पाहिलं. ते पाहून अयूबभाऊला पुन्हा गडचिरोली आठवली, आणि खर्र्याची गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ निघून गेली.

जाताना त्यानं अजीमला सांगितलं, "कूलरचं बटन आत्ता दाबू नको. थंड पाइपाले घाम येते, मंग गळते का घामेजते ते समजत नाई. हरेक जोडाखाली पेपर आथर. सोमवारी येतो. पेपर ओला दिसला तं तू नापास. निचरा तुंबला तं नापास. थेंब जरी फरशीवर आला तं रिश्ता खतम."

"जी चाचा," अजीम म्हणाला. शाजियाचा चेहरा पडला. अयूबभाऊनं तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा वऱ्हांड्यात जत्राच होती. उर्वशी मॅडम, लटारूभाऊ, सोयाबीनच्या औषधासाठी आलेले दोनचार शेतकरी, आणि शाजिया. कूलरची परीक्षा आहे हे सगळ्यांना कळलं होतं. रिश्त्याचं मॅडमला माहीत होतं, म्हणजे ते सगळ्यांना माहीत होतं. अयूबभाऊनं घराबाहेर पडताच गालात एक चिमूट घट्ट बसवून घेतली होती. परीक्षा मुलाची होती, पण टेन्शन ह्याला आलं होतं.

लटारूभाऊनं पेपर एकेक करून वर धरले. कोरडे. टीखालचा कोरडा, व्हॉल्वखालचा कोरडा, फिल्टरखालचा इतका कोरडा की शेतकऱ्यांपैकी एकानं बातमी वाचायला घेतला.

"पास!" लटारूभाऊ ओरडला.

"थांब," अयूबभाऊ म्हणाला. "निचरा बाकी हाय."

त्यानं एक नळ दाबून धरला. तबकात पाणी पडलं. पडत राहिलं. आणि तबकातच राहिलं. हळूहळू झाकणीच्या भोकांतून वर आलं, काठापर्यंत आलं, आणि काठावरून धो धो फरशीवर. उर्वशी मॅडम चपला हातात घेऊन मागं सरकल्या.

आणि अयूबभाऊ? अयूबभाऊ नळ सोडेचना! चेहरा असा फुलला होता, की जणू घरी मूल जन्मलं. "पाहा! पाहून घ्या! म्हने उतार देल्ला! म्हने जाळी लावली!" शेवटी शाजियानंच त्याचा हात नळावरून काढला. तिचे डोळे भरून आले होते.

"नापास," अयूबभाऊ म्हणाला. शब्द तोंडातून निघाला आणि पोरीचा चेहरा दिसला, तसा त्याचा आनंद निम्मा झाला. पण बोलून तर झालं होतं.

अजीमनं काही हुज्जत घातली नाही. त्यानं व्हॉल्वची दांडी आडवी केली, म्हणजे कूलरमध्ये आणखी पाणी चढू नये, आणि तो मागच्या अंगणात गेला. त्याच्या मागं सगळी वरात. अजीमनं पाइपाच्या तोंडावरची जाळी फिरवून काढली. क्षणभर काहीच झालं नाही. मग फस्सकन अख्ख्या पाइपातलं पाणी बाहेर आलं, लटारूभाऊच्या पायावर पडलं, आणि त्याच्यासोबत एक तपकिरी लगदा. उरलेला लगदा जाळीत गच्च बसला होता.

अजीमनं तो बोटानं काढून तळहातावर घेतला.

"सुपारी," तो म्हणाला.

"खर्रा!" शेतकरी एका सुरात म्हणाले. लटारूभाऊ वाकून हुंगायला लागला. "चांगला घोटलेला हाय. सुपारी बारीक. हा चौकातल्या ठेल्यावरचा, पैजेवर सांगतो."

"तुम्हाले कसं मालूम, लटारूभाऊ?" उर्वशी मॅडमनं विचारलं.

"ऐकून हाय," लटारूभाऊ म्हणाला, आणि पाय धुवायला निघून गेला.

इकडं अयूबभाऊला शनिवारची दुपार, ती गुळणी, बोटानं ढकललेला तो गोळा, सगळं एकदम आठवलं. त्यानं काठी घट्ट धरली. गालातली आजची चिमूट दगडासारखी लागायला लागली.

शाजियानं शांतपणे विचारलं, "शनिवारी तुम्ही पानी टाकून पाह्यलं तवा लाइन साफ होती?"

"हो," अजीम म्हणाला.

"त्याच्यानंतर ऑफिस आज उघडलं. म्हंजे इथी दोघंच होते. तुम्ही आन अब्बा. अब्बानं शपथ घेतली हाय. माह्या डोक्यावर हात ठेवून."

अजीमनं एकदा, फक्त एकदाच, अयूबभाऊकडं पाहिलं. मग तो हातातल्या जाळीकडं पाहायला लागला.

"जाळी खाली लावली, ते माहं चुकलं," तो म्हणाला. "खाली माशीसाठी पाह्यजेच. पन वरतं, तबकाच्या भोकातही एक बारीक जाळी पाह्यजे होती. काढून धुता येईन अशी. पिवाच्या जागी लोकं काय काय टाकतीन, त्याचा इचार मी नाई केला."

"मी जाळीचं नाई विचारून राह्यली. खर्रा कोनाचा?"

"पाइपावर नाव नसते लिहून."

"तुमचा हाय?"

अजीम हो म्हणेना, नाही म्हणेना. शाजियानं ओढणी सावरली.

"ठीक हाय," ती म्हणाली. "अब्बाचं नापास ते पाइपाचं. माहं नापास ह्या खर्र्याचं. घरी सांगते मी अम्मीले, रिश्ता नको."

आणि ती आत जायला वळली.

आता पाहा गंमत. अयूबभाऊला जे पाहिजे होतं ते सगळं ताटात वाढून मिळालं होतं. पोरगी घरी राहणार. मुलगा जाणार. शपथ शाबूत. हाजराला काही कळणार नाही. त्यानं फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तोंड बंद ठेवायचं कारणसुद्धा त्याच्या गालातच होतं.

पण त्याची नजर त्या मुलावर गेली. मान खाली, तळहातावर दुसऱ्याचा चोथा. अयूबभाऊच्या मनात आलं, ह्या पोरानं माझा मान राखायला आपला संसार पाण्यात सोडला, तोही सुरू व्हायच्या आधी. मग वाटलं, मूर्ख आहे. मग वाटलं, अशा मूर्खाच्या घरी माझी पोर सुखात राहील. आणि मग पाठमोऱ्या शाजियाचा हात त्याला दिसला, ओढणीच्या टोकानं डोळे पुसणारा. लहानपणी गुडघा फुटला की ती तशीच पाठ फिरवून रडायची.

"शाजिया," तो म्हणाला. "थांब बेटा. खर्रा माहा हाय."

ती वळली.

"शनिवारी मीनं टाकला. तबकात. तू चहा घेऊन आली तवा तं पूरा बार टाकला, बोटानं ढकलला." त्याला कोणाकडं पाहवेना, म्हणून तो पाइपाकडं पाहून बोलत होता. "हा पोरगा भाईर क्लॅम्प ठोकून राह्यला होता. ह्याले मालूम हाय माहा हाय म्हनून. दोघात एक हा नाई, तं दुसरा कोन? तरी नाई बोलला. काम ह्याचं चोख हाय. लाइन मीनं तुंबवली."

शेतकरी हळूच एकमेकांकडं पाहू लागले. त्यांच्यातल्या दोघांनी आपापल्या गालातला ऐवज गिळल्यासारखा चेहरा केला. उर्वशी मॅडमनं, बाई शहाण्या, सगळ्यांना औषधाचं वाटप सुरू झाल्याचं सांगून आत पिटाळलं.

शाजिया बापासमोर उभी राहिली. अयूबभाऊला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती अजीमकडं वळली.

"लाइन आता साफ हाय का?"

"हाय. जाळी धुतो आन लावतो."

"वरची जाळी?"

"पिशवीत हाय एक. बसवतो."

वऱ्हांड्यात येऊन त्यानं ती बसवली. तबकाच्या भोकात, बोटानं उचलता येईल अशी. व्हॉल्वची दांडी पाइपाच्या रेषेत केली. लोटाभर पाणी ओतलं, ते झरझर निघून गेलं आणि मागं नालीत पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग शाजियानं गिलास घेतला, नळाखाली धरून भरला आणि तो बापाला नाही, मॅडमला नाही, अजीमला दिला. घरचं मोठं माणूस हजर असताना पोरीनं पहिला गिलास दुसऱ्याच्या हातात द्यावा, ह्याचा अर्थ अयूबभाऊला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अजीमनं गिलास घेतला आणि अवघडून अयूबभाऊकडं पाहिलं.

"पे," अयूबभाऊ म्हणाला. "तुलेच देल्ला हाय." मग त्यानंही हात पुढं केला. "मले पन दे ना बेटा. घसा सुकला."

शाजियानं दुसरा गिलास भरला. पण तो हातातच ठेवला आणि बापाच्या गालाकडं पाहिलं.

"देते अब्बा. आधी गालातला भाईर टाकून या."

अयूबभाऊचा हात हवेतच राहिला. कबुली देताना, पोरीसमोर उभं राहून शपथ मोडल्याचं सांगताना, अंगणभर लोकांच्या साक्षीनं, ती चिमूट गालातच होती! त्याला स्वतःलाच इतकी लाज वाटली की कान तापले. तो काठी टेकत टेकत अंगणाच्या पार टोकाला गेला, तोंड रिकामं केलं, खिशातली पन्नी काढली, तिच्याकडं एकदा पाहिलं आणि तीपण टाकून दिली. परत आला तेव्हा अजीमनं त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. तो बसला. पाणी प्याला. कूलर अजून चालू केलेला नव्हता, तरी पाणी गार लागलं.

"आता अम्मीले फोन लावा," शाजिया म्हणाली. "ती सकाळपासून वाट पाहून राह्यली."

"तूच सांग ना."

"मी काऊन सांगू? परीक्षा तुम्ही घेतली."

अयूबभाऊनं फोन लावला. पहिलीच रिंग पुरी व्हायच्या आत हाजराचा आवाज आला, घाबराघुबरा, इतका मोठा की समोर उभ्या दोघांनाही ऐकू गेला. "काय झालं? पास का नापास?"

"पोरगा पास," अयूबभाऊ म्हणाला. शाजियाकडं आणि अजीमकडं पाहत त्यानं एक मोठा श्वास घेतला. "मी नापास झालो."

पलीकडून हाजरानं एकच शब्द विचारला.

"खर्रा?"

अयूबभाऊनं खाली मान घालून ती हलवली. फोनवर हलवलेली मान कोणाला दिसत नाही. हाजराला दिसली.